डबकं दिसेना म्हणून सुरू झालेली शोधाशोध

गाडी माझी, २०११ची पेट्रोल हॅचबॅक, आणि डबकं म्हणजे एसी चालवल्यावर तिच्याखाली साचणारं पाणी. केबिन फिल्टर कंपनीतूनच नाही, फक्त त्याची रिकामी खाच आहे. मुक्काम वडोदरा, कारेलीबाग. सोसायटीत आमची जागा कडुलिंबाखाली. सावलीसाठी भांडून मिळवलेली आहे, तिची किंमत पुढे कळेलच.

१६ जून

संध्याकाळी दांडिया बाजारातून सयाजीबागेकडे निघालो होतो. काळा घोडा सर्कलला वळसा घालताना डॅशबोर्डच्या आत बादली हिंदकळल्यासारखा आवाज आला आणि डाव्या सीटवरून सौ. म्हणाल्या, "अहो, गाडीत नळ घेतलाय का? पाय भिजले माझे." चप्पल उचलून दाखवली. खरंच भिजली होती.

घरी येऊन गाडीखाली वाकून पाहिलं. पाऊण तास एसी चालवून आणलेली गाडी आणि खालची फरशी कोरडी ठणठणीत. डोक्यात घंटा वाजली ती इथे. गाडीखाली पाणी साचलं की लोक घाबरून फोन करतात, पण ते पाणी म्हणजे सगळं ठीक असल्याची पावती असते. दमट दिवसात ते दिसलं नाही तर प्रश्न पडायला हवा, की मग गेलं कुठे?

मागे आठवून पाहिलं तर मेपासून डबकं दिसलेलं नाही. मे महिन्यात मी ते मनावर घेतलं नाही, आणि ते अगदीच चूक नव्हतं. ४० अंश तापमान आणि १५ टक्के आर्द्रता असेल तर हवेत घनमीटरमागे जेमतेम ८ ग्रॅम बाष्प असतं. एसीच्या कूलिंग कॉइलवरून ८ अंशांना थंड होऊन निघालेली हवाही साधारण तेवढंच बाष्प धरून ठेवू शकते, म्हणजे गळायला काही उरतच नाही. पण आता जूनमध्ये ३२ अंश आणि ७५ टक्के आर्द्रतेच्या हवेत तेच बाष्प २५ ग्रॅमच्या आसपास जातं. त्यातलं निम्म्याहून जास्त कॉइलवर पाणी होऊन उतरतं. ते खाली आलं नाही तर आतच साचणार.

१७ जून

सकाळी एका एसीवाल्याकडे गेलो. त्याने डाव्या बाजूच्या मॅटवर हात दाबला, बोटं ओली झाली, आणि लगेच निदान: कूलिंग कॉइल गेली, डॅशबोर्ड खोलावा लागेल. मी म्हटलं, गार तर व्यवस्थित होतंय. तो म्हणाला, काही दिवसांनी तेही थांबेल. नमस्कार केला आणि परत आलो.

कॉइल फुटली तर बाहेर पडतो तो गॅस, आणि गॅस गेला की गारवा जातो. कॉइलच्या आत पाणी नसतंच मुळी. तेव्हा गारवा शाबूत आणि पाय ओले अशी जोडी असेल तर डॅशबोर्ड उघडण्याआधी कॉइलवरचं पाणी गाडीखाली सोडणारी नळी बघायची.

तरी नळीवर आळ घेण्याआधी आणखी दोन संशयित बाद करायचे होते. पहिला हीटरचा रेडिएटर. तोही डॅशबोर्डमागे कॉइलच्याच डब्यात बसतो आणि गळला तर तोच कोपरा भिजवतो. पण ते कूलंट असतं: रंगीत, बोटांना बुळबुळीत, गोडसर वासाचं, आणि आतून काचेवर तेलकट धुकं धरणारं. (वास घ्या, चव घेऊ नका, ते विषारी असतं.) माझ्या टिश्यूवर स्वच्छ पाणी, आणि कूलंटच्या बाटलीवर मार्करने मारलेल्या खुणेपासून पातळी रात्रभरात हलली नाही. पहिला बाद.

१९ जून

दुसरा संशयित पाऊस. १३ तारखेला चांगली सर येऊन गेली होती आणि जुन्या गाडीत काचेखालच्या जाळीतून किंवा दाराच्या आतल्या प्लॅस्टिकमधून पाणी शिरणं नवीन नाही. पावसाळ्यात एसी आणि पाऊस दोन्ही एकदम चालू असतात, म्हणून हे दोघं वेगळे करूनच तपासावे लागतात.

गालिचा उचलून पत्र्यावर वर्तमानपत्र अंथरलं. एसी बंद ठेवून काचेच्या बुडाशी आणि डाव्या दारावर पंधरा मिनिटं पाइपने पाणी सोडलं. कागद कोरडा. मग गाडी पुसून उघड्यावर उभी केली, इंजिन सुरू, एसी चालू, हवा बाहेरची, पंखा दोनवर. बाहेरची हवा मुद्दाम घेतली, कारण आतलीच हवा फिरवली तर ती एकदा कोरडी झाली की पाणी फारसं निघत नाही आणि चाचणी लांबते. बराच वेळ काहीच नाही, ना खाली, ना आत. सतराव्या मिनिटाला कागदाच्या कडेला, ब्लोअरच्या म्हणजे एसीच्या पंख्याच्या बाजूने, पहिला ओला डाग. तोपर्यंत डबा भरत होता, मग सांडू लागला.

काळ्या घोड्याचं कोडंही इथे सुटलं. आपल्याकडे ब्लोअर अगदी डावीकडे असतो आणि कॉइल मध्याकडे. सर्कलला आपण उजवीकडे वळत राहतो, तेव्हा साचलेलं पाणी डावीकडे, ब्लोअरकडे ढकललं जातं आणि तिथून थेट पायांवर. सरळ रस्त्यावर काही नाही आणि उजव्या वळणावर धार, हे लक्षण लिहून ठेवण्यासारखं आहे.

आणखी एक सोपी खूण. ब्लोअर कॉइलच्या मागून हवा ढकलतो, म्हणून डब्यात दाब असतो. पंखा पूर्ण वेगात लावला की मोकळ्या नळीच्या तोंडाशी बोटाला गार हवा लागते. एसी दोन मिनिटं चालवा, मग इंजिन बंद करून नुसता पंखा ठेवा आणि हात घाला, म्हणजे फिरते पट्टे आसपास नकोत. माझ्या बोटाला काहीच लागलं नाही.

२१ जून, रविवार

पुढची चाकं लोखंडी रॅम्पवर, मागच्या चाकांना दगड, हँडब्रेक. नुसत्या जॅकवर गाडी उचलून खाली जायचं नाही. सायलेन्सरचा पाइप जवळच असतो म्हणून तासभर थंड होऊ दिली.

माझ्या गाडीत नळी फायरवॉलच्या, म्हणजे इंजिन आणि केबिनमधल्या पत्र्याच्या भिंतीच्या, खालच्या भागात आहे, मध्याच्या किंचित डावीकडे. अंगठ्याएवढा जाड, कोपरासारखा वाकलेला काळा रबरी तुकडा, टोक चपटं, त्याला चीर. ती शोधायलाच वीस मिनिटं गेली, कारण ती फायरवॉलच्याच रंगाची झाली होती. मेच्या शेवटच्या आठवड्यात मी गाडीला खालून अँटीरस्ट कोटिंग मारून घेतलं होतं. मारणाऱ्याने नळी न झाकताच फवारा चालवला होता आणि चिरेवर डांबरी कातडं धरलं होतं. पावसाळ्याआधी गाडीची काळजी घ्यायला गेलो तो हा प्रसाद! ज्यांनी नुकतंच कोटिंग किंवा समोरचं डेंटिंग करून घेतलंय त्यांनी आजच वाकून बघा.

नखाने कातडं सोललं, वाटलं आता धो धो येईल. चार थेंब आले. आत आणखी बूच होतं.

लोक इथेच घाई करतात. सायकलची तार किंवा स्पोक वर खुपसू नका. नळीच्या वरच्या टोकापासून कॉइल काही बोटांवर असते, अ‍ॅल्युमिनियमची, आणि तिला टोच पडली की एसीवाल्याची भविष्यवाणी आपण स्वतः खरी करतो. पंक्चरवाल्याची हवाही पूर्ण दाबाने मारू नका, घाण उलट कॉइलच्या पात्यांवर जाते किंवा नळी आतून निसटते. मी खेचायचा मार्ग घेतला. औषधाच्या दुकानातून ६० मिलीची सिरिंज आणली, तिला फिश टँकच्या नळीचा तुकडा जोडला, तोंडाशी कापडाने घट्ट धरून ओढलं. दोनदा नुसती हवा. तिसऱ्यांदा करड्या रंगाचा लगदा आला आणि मी तोंड बाजूला घेईपर्यंत कोपरापर्यंत भिजलो.

ट्रेमध्ये मोजून ७०० मिली पाणी. लगद्यात काय होतं ते कागदावर पसरून पाहिलं: कडुलिंबाच्या पानांचे देठ, मोहराचा भुगा, आणि काळ्या स्पंजचे कण. स्पंज डब्यातल्या झडपांच्या कडांचा, वयानुसार तो भुसभुशीत होतो. हे सगळं धरून ठेवणारा चिकट थर शेवाळासारखा, कुबट वासाचा. म्हणजे नळी आधीपासून अर्धी भरत आली असणार, कोटिंगने शेवटचं दार लावलं. शेवटी गवत कापायच्या मशीनची नायलॉन दोरी, टोक मेणबत्तीवर गोल करून, चार बोटं आत फिरवली. त्याहून आत नाही.

त्याच दुपारी पुन्हा वीस मिनिटांची चाचणी, या वेळी खाली ट्रे. बाहेरच्या हवेवर ४३० मिली. नंतर आतल्या हवेवर तेवढ्याच वेळात १६० मिली. आकडे माझ्या गाडीचे आणि त्या दिवसाच्या हवेचे, पण फरक किती पडतो ते दिसतं. म्हणून "आज कमी गळलं" असं म्हणण्याआधी बटण कुठल्या हवेवर होतं ते बघा.

२५ जून

खरं काम नळीचं नव्हतंच, गालिच्याचं होतं. वरून जरा ओलसर वाटत होता, पण खालचा नमदा पिळला तर बादलीत अडीच लिटर. उंबऱ्याची पट्टी काढून डावा भाग सोडवला आणि गच्चीवर नेला. मधे दोन सरी आल्या, शेजारच्या काकूंनी आवाज दिला म्हणून वाचला. चार दिवस पंखा लागला. तोपर्यंत सकाळी काचा आतून धुरकट असायच्या. नळी मोकळी झाल्यावरही हे धुकं राहिलं तर नमदा अजून ओला आहे असं समजा. पत्र्यावर दोन जागी गंज धरू लागला होता, घासून प्रायमर मारला.

५ जुलै

डबकं परत आलंय. डाव्या बाजूला, पुढच्या चाकाच्या थोडं मागे, थाळीएवढं, सहाव्या-सातव्या मिनिटापासून. आमच्या पार्किंगच्या अर्ध्या भागात पेव्हर ब्लॉक आहेत, तिथे पाणी फटीत मुरतं आणि काहीच दिसत नाही. तिथे उभी करणाऱ्यांनी खाली पुठ्ठा टाकून पाहावं. फिल्टरच्या खाचेत बारीक जाळी बसवली, कडुलिंबासाठी. घरी पोचायच्या पाच मिनिटं आधी एसीचं बटण बंद करून नुसता पंखा ठेवतो, कॉइल वाळते. बूच त्याने निघत नाही, पण चिकट थर लवकर धरू नये एवढी अपेक्षा.

एक मात्र राहिलंय. सांडलेलं पाणी ब्लोअरकडे गेलं होतं, आणि पंख्याचा पहिला स्पीड तेव्हापासून बंद आहे. पंख्याचा वेग कमी-जास्त करणारा रेझिस्टर काढला, दोन पिनांवर हिरवा गंज. पिना घासून लावल्या, दोन दिवस चालला, परत बंद. नवा मागवलाय.