एकाच जन्मवेळेची दोन लग्नं

मुलीची पत्रिका दाखवायला आई आणि मुलगी दोघी आल्या होत्या. समोर ठेवल्या मात्र दोन पत्रिका. जन्म १६ मार्च १९९०, सकाळी ६ वाजून ३५ मिनिटं, नागपूर, हे दोन्हींवर सारखंच. लग्न म्हणजे जन्मवेळी पूर्व क्षितिजावर उगवणारी रास; ती एकीत कुंभ, दुसरीत मीन. आईंचा प्रश्न सरळ होता, "गुरुजी, खरी कुठली?"

अशा वेळी मी आधी ग्रहांचे अंश ताडून पाहतो. चंद्र दहा मिनिटांत पाच-सहा कला पुढे सरकतो, त्यामुळे वेळेत फरक असला तर तो चंद्रावर दिसतो. इथे चंद्रासह सगळे ग्रह अंश-कलांनी तंतोतंत जुळत होते. म्हणजे क्षण तोच धरलेला होता. मग लग्न बदलायला एकच कारण उरतं, ते म्हणजे स्थळ. ग्रह कुठल्या राशीत आहेत ते सगळ्या गावांना सारखंच असतं. पूर्व क्षितिजावर कुठली रास उगवते आहे ते मात्र गावागणिक वेगळं.

कुंभ लग्नाच्या पत्रिकेवर वार गुरुवार छापला होता. १६ मार्च १९९० ला शुक्रवार होता. पंचांगाचा वार सूर्योदयाला बदलतो, त्यामुळे पहाटेच्या जन्माला आदला वार येणं चूक नाही. म्हणून मी आईंना विचारलं, "बाळ झालं तेव्हा उजाडलं होतं का?" त्या लगेच म्हणाल्या, "उजाडलं काय, खिडकीतून कोवळं ऊन आत आलं होतं!" ऊन आलं होतं तर वार शुक्रवारच हवा. कोपऱ्यातले बारीक अक्षरांतले आकडे पाहिले: रेखांश ७२ अंश ५० कला. ही मुंबई. गावाचं नाव नागपूर, पण गणित मुंबईचं. संगणकावर पत्रिका करताना आधीपासून भरलेलं शहर तसंच राहून जातं, हे मी बऱ्याचदा पाहिलंय.

मग त्यांच्यासमोरच वहीत गणित मांडलं. आपलं घड्याळ ८२ अंश ३० कला रेखांशाचं. नागपूर ७९ अंश ५ कलांवर, म्हणजे ३ अंश २५ कला पश्चिमेला. अंशाला चार मिनिटं या हिशेबाने १३ मिनिटं ४० सेकंद वजा केली. स्थानिक वेळ आली ६-२१-२०. त्या दिवशीच्या मध्यरात्रीचा सांपातिक काल, म्हणजे ताऱ्यांच्या फिरण्यावरून मोजलेली वेळ, ११ तास ३२ मिनिटं २५ सेकंद. त्यात स्थानिक वेळ आणि सुमारे एका मिनिटाचा संस्कार मिळवला की १७-५४-४८. नागपूरच्या २१ अंश ९ कला अक्षांशाला या सांपातिक कालाचं सायन, म्हणजे वसंत संपातापासून मोजलेलं, लग्न येतं मीन २८ अंश १८ कला. त्यातून चित्रापक्षीय अयनांश २३ अंश ४३ कला वजा केले की ताऱ्यांना धरून मोजलेलं निरयन लग्न मीन ४ अंश ३५ कला.

मुंबई धरली की स्थानिक वेळ २५ मिनिटांनी मागे जाते, आणि लग्न येतं कुंभ २६ अंश ३८ कला. पंचवीस मिनिटांत सहा-सव्वासहा अंश जावेत असं वाटतं, पण इथे जवळजवळ आठ गेले. कारण एक अंश चार मिनिटांत उगवतो ही नुसती सरासरी आहे. क्रांतिवृत्त क्षितिजाला सगळीकडे सारखं तिरकं छेदत नाही. आपल्या अक्षांशांवर मीन-मेष झपाट्याने उगवतात, नागपूरला अंशाला साधारण तीनच मिनिटं. कन्येच्या आसपास तोच अंश सव्वाचार मिनिटं घेतो. मीन लग्नाचा जन्म असेल तर वेळेची चूक म्हणूनच जास्त महागात पडते.

पडताळा रवीने दिला. सूर्य उगवताना लग्न आणि रवी जवळपास एकाच अंशावर असतात. त्या दिवशी रवी मीनेत १ अंश २८ कलांवर होता. नागपूरच्या गणितात लग्न त्याच्या तीन अंश पुढे, म्हणजे सूर्य वर आलेला. मुंबईच्या गणितात तो अजून क्षितिजाखाली, आणि म्हणून दुसऱ्या स्थानात. आईंच्या आठवणीतलं ऊन फक्त नागपूरच्या पत्रिकेतच बसतं.

मुलीने विचारलं, "दवाखान्यातली वेळ पाच मिनिटं इकडेतिकडे असेल तर?" अगदी योग्य प्रश्न. दवाखान्यातली वेळ बहुधा पाचाच्या पटीत लिहिलेली असते. नागपूरला त्या सकाळी मीन लग्न ६-२१ च्या सुमारास लागलं होतं. चौदा मिनिटांची जागा आहे, तेव्हा लग्न पक्कं. नवमांश लग्नाचं तसं नाही. एक नवमांश म्हणजे राशीचा नववा भाग, ३ अंश २० कलांचा, इथे जेमतेम दहा मिनिटांचा. ६-३५ ला सिंह नवमांश येतो, पण ६-३१ च्या आधी कर्क होता. चार मिनिटांनी तो फिरतो.

नव्या पत्रिकेवर मीन लग्न लिहून खाली रेखांश-अक्षांश ठळक अक्षरांत घातले. लग्नेश शनीऐवजी गुरू झाला, रवी लग्नात आला, सगळे भाव एकेक घर सरकले. चंद्राची रास, नक्षत्र आणि दशा जशीच्या तशी राहिली. नवमांश कुंडलीशेजारी मी पेन्सिलीने "वेळ ६-३१ नंतरची असल्यास" असं लिहून दिलं, आणि आईंना सांगितलं की जन्माची मूळ नोंद सापडली तर तेवढी घेऊन या.