रेझ्युमेवरचा क्यूआर कोड: पाठवण्याआधी काय तपासायचं

तुम्ही विचारलंत म्हणून: "रेझ्युमेवर क्यूआर कोड टाकू का? आणि टाकला तर तो प्रिंटवर आणि पीडीएफमध्ये नक्की चालेल, हे आधीच कसं कळणार?"

टाका. फक्त तो कोण वापरणार आहे, हे आधी डोळ्यांसमोर आणा. लॅपटॉपवर पीडीएफ उघडून बसलेला माणूस फोन काढून स्क्रीनवरचा कोड स्कॅन करत नाही, त्याला क्लिक करायचं असतं. फोनवर पीडीएफ उघडलेल्याची अडचण तर आणखी मोठी, कारण कोडही त्याच फोनवर आणि कॅमेराही त्याच फोनचा. क्यूआर कोडचं खरं काम कागदावर असतं: मुलाखतीच्या टेबलावर रेझ्युमेची प्रिंट पडलेली असते आणि समोरच्याला तुमचं काम तिथल्या तिथे बघायचं असतं. शिवाय अर्ज घेणाऱ्या बऱ्याच सिस्टिम रेझ्युमेतला फक्त मजकूर उचलतात. त्यांच्या लेखी कोड म्हणजे एक चित्र, त्यातला पत्ता त्यांच्यापर्यंत पोचत नाही.

म्हणून मी प्रत्येकाला सांगते की एकच पत्ता तीन वाटांनी पोचवा. कागदासाठी कोड, पीडीएफसाठी क्लिक होणारी लिंक, आणि त्याच लिंकची अक्षरं अशी छापा की कुणी बघून हाताने टाइप करू शकेल. हे तिन्ही जमायचं तर पत्ता आखूड हवा. तो आखूड नसला की कोडसुद्धा कसा फसतो, ते एका उदाहरणातून सांगते.

एका ग्राफिक डिझायनर मुलीचा रेझ्युमे माझ्याकडे आला होता. वरच्या कोपऱ्यात 15 मिलिमीटरचा फिकट निळा कोड, मधोमध तिच्या नावाच्या आद्याक्षरांचा लोगो. दिसायला फार छान. तिच्या फोनने स्क्रीनवर स्कॅन केला की लगेच उघडायचा. कागदावर मात्र काही केल्या उघडेना.

कोडच्या आत गूगल ड्राइव्हची लिंक होती, शेवटच्या `?usp=sharing` सकट 82 अक्षरांची. क्यूआर कोडचा नियम साधा आहे: अक्षरं वाढली की चौकटी वाढतात. सगळ्यात लहान कोड 21 गुणिले 21 चौकटींचा असतो आणि पुढची प्रत्येक आवृत्ती बाजूला 4 चौकटींनी मोठी होते. त्यात लोगो बसवायचा म्हणून तिने चूक-दुरुस्तीची सगळ्यात वरची पातळी, म्हणजे एच, निवडली होती. त्या पातळीवर साधारण 30 टक्के भाग झाकला किंवा खराब झाला तरी मजकूर परत मिळवता येतो, पण त्यासाठी कोडमध्ये जास्तीची माहिती भरावी लागते. 82 अक्षरं आणि एच पातळी मिळून तिचा कोड 49 गुणिले 49 चौकटींचा झाला होता. 15 मिलिमीटरमध्ये 49 चौकटी म्हणजे एक चौकट जेमतेम 0.3 मिलिमीटरची. 300 डीपीआयच्या, म्हणजे एका इंचात 300 ठिपके उमटवणाऱ्या प्रिंटरचा एक ठिपका साधारण 0.085 मिलिमीटरचा असतो, म्हणजे एका चौकटीच्या वाट्याला साडेतीन-चार ठिपके. शाई किंचित पसरली की शेजारच्या चौकटी एकमेकींत मिसळतात.

त्यात रंग फिकट. काळ्या-पांढऱ्या प्रिंटरला फिकट निळा मिळाला की तो करडा रंग ठिपक्या-ठिपक्यांनी उमटवतो. भिंगातून पाहिलं तर चौकटींना सरळ कडाच उरलेली नव्हती. आणि कोडभोवती मोकळी जागा नव्हती, एका बाजूला रेघ चिकटलेली, दुसऱ्या बाजूला फोन नंबर. कोडच्या चारही बाजूंना 4 चौकटींएवढी कोरी पट्टी लागते, नाहीतर कोड कुठे सुरू होतो तेच कॅमेऱ्याला कळत नाही.

लोगोबद्दल माझं मत ठाम आहे: रेझ्युमेवरच्या कोडात तो नको. हा कोड 1994 साली जपानच्या डेन्सो कंपनीत गाड्यांच्या सुट्या भागांची नोंद ठेवण्यासाठी तयार झाला. कारखान्यात मळ लागला, ओरखडा पडला तरी वाचता यावा म्हणून त्यात चूक-दुरुस्ती आहे. तुमच्या कागदालाही घडी पडणार आहे, त्याची फोटोकॉपी निघणार आहे. ती सवलत त्यासाठी राखून ठेवा, लोगोवर खर्च करू नका. एम पातळी, म्हणजे साधारण 15 टक्के, रेझ्युमेला पुरते.

मग आम्ही पत्ता आखूड केला. प्रोग्राम आणि फाइली ठेवायची गिटहब नावाची साइट आहे, तिथे तिचं खातं होतंच. तिच्या गिटहब पेजेस या सेवेवर फुकट साइट मिळते आणि खात्याचं नाव बदललं नाही तोवर तिचा पत्ता तुमच्या नावाचाच राहतो. त्या साइटवर `kaam` नावाचा फोल्डर केला आणि त्यात एका ओळीची `index.html` ठेवली, जी येणाऱ्याला थेट पोर्टफोलिओवर पाठवते:

```html
<meta http-equiv="refresh" content="0; url=https://drive.google.com/...">
```

`url=` च्या पुढे पोर्टफोलिओची पूर्ण लिंक जाते. आता छापायचा पत्ता `https://yourname.github.io/kaam` असा झाला, 31 अक्षरांचा. एम पातळीवर हा 29 गुणिले 29 चौकटींत बसतो. कोरी पट्टी धरून 37. कोडसाठी पट्टीसकट 20 मिलिमीटर जागा दिली तर एक चौकट 0.54 मिलिमीटरची होते, म्हणजे आधीच्या पावणेदोन पट. रंग काळा, मागे पांढरं. एवढ्यावर तो कोड साध्या ऑफिस प्रिंटरवर, टोनर वाचवायच्या मोडमध्येसुद्धा, पटकन वाचला गेला.

आणि तेव्हा दुसरी गोष्ट उघडकीला आली. माझ्या फोनवर पान उघडलं, पण त्यावर `You need access` लिहिलेलं. तिच्या फोनवर सगळं व्यवस्थित, कारण तिचा फोन तिच्याच खात्यात लॉगिन होता. ड्राइव्हवरची फाइल `Restricted` होती, ती `Anyone with the link` करायला हवी होती. कोड उत्तम छापलेला असूनही रेझ्युमे वाया जातो तो इथे, आणि मालकाला याचा पत्ताही लागत नाही. म्हणून स्वतःच्या फोनवर उघडलं याला मी चाचणी मानत नाही. ज्याचा तुमच्या खात्याशी काही संबंध नाही अशा माणसाच्या फोनवर, वायफाय बंद करून, मोबाइल डेटावर उघडून बघा. तसं कुणी जवळ नसेल तर निदान इनकॉग्निटो खिडकीत.

आता पीडीएफ. लिंक मरते ती बहुतेक वेळा फाइल बनवतानाच. वर्डमधून `Save As` करून पीडीएफ प्रकार निवडला तर लिंका शाबूत राहतात. प्रिंटच्या खिडकीत जाऊन `Microsoft Print to PDF` निवडलं तर पान हुबेहूब तसंच दिसतं, पण लिंका गेलेल्या असतात. हे ओळखणं जरा फसवं आहे, कारण काही पीडीएफ रीडर `https://` ने सुरू होणारा मजकूर दिसला की स्वतःहूनच त्याची लिंक करतात. तुमच्याकडे क्लिक चालतं, समोरच्याच्या रीडरमध्ये नाही. म्हणून तीच फाइल दोन वेगळ्या ठिकाणी उघडा, एकदा ब्राउझरमध्ये आणि एकदा फोनवर. कोडच्या चित्रालाही तीच लिंक जोडा. स्क्रीनवर कोड दिसला की लोक त्यावर बोट ठेवून बघतातच, ते वाया जायला नको.

मग पीडीएफमधला पत्ता सिलेक्ट करा, कॉपी करा आणि नोटपॅडमध्ये पेस्ट करा. यात दोन दोष सापडतात. पत्ता दोन ओळींत तुटला असेल तर अर्धाच येतो किंवा मध्ये जागा पडते. आणि पत्त्यात छोटी रेघ असेल तर वर्डने कधीकधी ती लांब रेघेत बदललेली असते. डोळ्याला फरक जाणवत नाही, पण लिंक उघडत नाही. पत्ता एका ओळीत मावेल एवढा आखूड ठेवला आणि त्यात रेघच घातली नाही, तर दोन्ही प्रश्न मिटतात.

कागदाची चाचणी मी अशी घेते. जी पीडीएफ पाठवायची तीच छापायची, वर्डची फाइल नाही. काळी-पांढरी, साध्या कागदावर. मग त्या प्रिंटची फोटोकॉपी काढायची, कारण मुलाखत घेणाऱ्याच्या हातात पुष्कळदा तीच असते. फोटोकॉपीला आडवी-उभी घडी घालून, साध्या ट्यूबलाइटखाली, एका जुन्या आणि एका नव्या फोनने स्कॅन करायची. फोन पुढे-मागे करत बसावं लागलं तर कोड लहान आहे असं समजा आणि 25 मिलिमीटरपर्यंत वाढवा. मोठा करूनही कडा धूसर दिसत असतील तर दोष चित्राचा आहे. कोड एसव्हीजी स्वरूपात घ्या, त्यात कितीही मोठा केला तरी कडा धारदार राहतात, आणि ते जमत नसेल तर मोठ्या आकाराचा पीएनजी घ्या. जेपीईजी नको, त्यात चौकटींच्या कडांवर करडी धूळ येते.

आखूड लिंक देणाऱ्या तयार सेवा वापरू का, हेही याच प्रश्नाला जोडून विचारलं जातं. मी रेझ्युमेवर त्या टाळते. `x7Il0` अशी शेपटी कागदावरून टाइप करताना मोठा आय की छोटा एल, शून्य की ओ, काही कळत नाही. लिंक कुठे नेणार हेही दिसत नाही, त्यामुळे अनोळखी माणूस ती उघडायला कचरतो. आणि सेवा दुसऱ्याची असते. गूगलने आपल्या `goo.gl` वर नव्या लिंका बनवणं 2019 मध्येच थांबवलं आणि वापरात नसलेल्या जुन्या लिंका 2025 च्या ऑगस्टमध्ये बंद केल्या. "डायनॅमिक" म्हणून मिळणाऱ्या क्यूआर कोडांचंही तसंच आहे. त्यांच्या आत तुमचा पत्ता नसतो, कोड बनवून देणाऱ्या कंपनीचा असतो. मोफत मुदत संपली की कंपनी तो बंद करू शकते, आणि कागद तर तोवर वाटून झालेले असतात. तुमचा कोड कुठल्या जातीचा आहे हे बघायचं तर स्कॅन केल्यावर लगेच टॅप करू नका. फोन आधी पत्ता दाखवतो. तिथे तुमच्या पत्त्याऐवजी भलतंच नाव दिसलं तर तो कोड वापरू नका.

स्वतःच्या पत्त्यावरून पुढे पाठवायचा फायदा असा की पोर्टफोलिओची जागा बदलली तरी ती एक ओळ बदलली की झालं, आधी छापलेले सगळे कागद नव्या जागी नेतात. फक्त फोल्डरचं नाव लहान इंग्रजी अक्षरांतच ठेवा, `kaam` आणि `Kaam` हे गिटहब पेजेसवर दोन वेगळे पत्ते आहेत. आणि तो फोल्डर नोकरी लागल्यावर लगेच काढून टाकू नका. रेझ्युमे फायलींत राहतात, आणि पुढे कुणी ती फाइल उघडून कोड स्कॅन केला तर तिथे पान असायला हवं.