कानदुखी मी वगळली होती

तिसऱ्या वर्षाला मेडिसिनची टर्म होती. मुंबईतल्या एका पालिका रुग्णालयातला बायकांचा वॉर्ड. छातीत धडधडतंय म्हणून रात्री दाखल झालेल्या अडतीस वर्षांच्या काकूंची केस माझ्या वाट्याला आली. परळला त्या पोळीभाजी केंद्र चालवायच्या. रजिस्ट्रारने जाता जाता 'थायरॉइड वाढलंय' एवढं सांगितलं आणि मी तिथेच घात करून घेतला, कारण पुढची सगळी हिस्ट्री मी ग्रेव्हज, म्हणजे ग्रंथीला जास्त हॉर्मोन बनवायला लावणारा आजार, डोक्यात ठेवूनच घेतली.

राउंडला सर आले. मी सुरुवात केली, "धडधड, हात थरथरणं, घाम आणि वजन कमी होणं."

"कधीपासून?"

"तीन आठवडे, सर."

"मग पहिल्या वाक्यातच सांग. आणि आधी काय झालं, नंतर काय, त्या क्रमाने."

मी पुढे रेटलं. नाडी मिनिटाला ११२, नियमित. हात गरम, बोटांना बारीक कंप. खाली बघताना वरची पापणी मागे राहते. गळ्याला उजवीकडे गाठ, गिळताना वर सरकते. निदान, ग्रेव्हज.

"डोळे बाहेर आलेत?"

"नाही, सर."

"मग पापणीवर विसंबू नकोस. हॉर्मोन कशामुळेही वाढलं तरी पापणी मागे राहू शकते. बाहेर आलेले डोळे मात्र ग्रेव्हजकडे बोट दाखवतात. स्टेथोस्कोप ठेवून गाठीवर आवाज ऐकलास? आणि हात लावल्यावर दुखतं का, ते सांगितलंच नाहीस."

दुखत होतं. मी मागे उभा राहून गळा चाचपला तेव्हा काकूंनी मान मागे घेतली होती. आपणच जोरात दाबलं असं वाटून मी ते वहीत लिहिलंच नव्हतं.

सर स्टूल ओढून काकूंशेजारी बसले. "ताई, याआधी ताप, सर्दी?"

"गणपतीत आलेला की. मग हा उजवा कान ठणकायला लागला. आमच्या डॉक्टरांनी कानाच्या गोळ्या दिल्या, पण गिळताना दुखायचंच. ह्या पोराला सांगितलंय मी सगळं."

सांगितलं होतं खरं. पण कान म्हणजे ईएनटी, माझ्या केसशी त्याचा काय संबंध, म्हणून मी ते गाळलं होतं. थायरॉइडचं दुखणं जबड्याकडे आणि कानाकडे जातं हे मी वाचलेलं होतं, फक्त कान समोर आला तेव्हा ओळखला नाही.

दुसऱ्या दिवशी तीच केस पुन्हा मांडायची शिक्षा मिळाली. या वेळी पहिलं वाक्य असं होतं: "अडतीस वर्षांच्या बाई, पाच आठवड्यांपूर्वी सर्दी-ताप, चार आठवड्यांपासून कानाकडे जाणारं गळ्याचं दुखणं, आणि तीन आठवड्यांपासून धडधड, थरथर, वजनात घट." एवढं ऐकूनच सरांनी मान हलवली. मग 'नाही'ची उत्तरं. वर्षभरात बाळंतपण नाही, कारण त्यानंतरही ग्रंथी सुजते, पण ती दुखत नाही. थायरॉइड बिघडवू शकणारं हृदयाचं औषध अ‍ॅमिओडॅरोन किंवा थायरॉइडच्या गोळ्या नाहीत. आवाज बसलेला नाही, श्वास अडकत नाही.

तपासणी मांडून डिफरन्शियलला, म्हणजे शक्य असलेल्या आजारांच्या यादीला आलो. पहिलं नाव सबअ‍ॅक्यूट थायरॉइडायटिसचं: व्हायरल तापानंतर सुजलेली, घट्ट, दुखरी ग्रंथी. दुसरं, जुन्या गाठीत झालेला रक्तस्राव. पण तो अचानक होतो, गाठ काही तासांत फुगते, आणि धडधडीचा खुलासा त्यातून सहसा होत नाही. तिसरं, पू झालेली ग्रंथी. त्यात माणूस जास्त आजारी दिसतो, ताप चढतो, कातडी लाल होते. ग्रेव्हज शेवटी: ती ग्रंथी सहसा दोन्हीकडे सारखी वाढते, दुखत नाही, आणि त्रास बहुधा महिनोन्‌महिने चाललेला असतो.

"मग ओळखणार कसं?"

ग्रंथीला कामाला लावणारं टीएसएच जवळजवळ शून्य आणि ग्रंथीचं हॉर्मोन टी-फोर वाढलेलं, हे ग्रेव्हज आणि सबअ‍ॅक्यूट थायरॉइडायटिस दोन्हींत सारखंच. पण सूज असली की वाढणारा ईएसआर काकूंचा ७८ होता, म्हणजे बराच जास्त. टेक्नेशियम स्कॅनमध्ये ग्रंथी जेमतेम दिसली. ग्रेव्हजमध्ये ती चमकली असती, कारण तिथे ग्रंथी नवं हॉर्मोन बनवत असते. इथे सुजेमुळे साठवलेलं हॉर्मोन गळत होतं. हॉर्मोन बनणं थांबवणारी कार्बिमॅझोल इथे काय थांबवणार? फायदा नाहीच, उलट क्वचित पांढऱ्या पेशी धोकादायक पातळीपर्यंत कमी होण्याची भीती. माझं पहिलं निदान चाललं असतं तर तीच गोळी सुरू झाली असती.

काकूंना दुखण्यावर आयबुप्रोफेन आणि धडधडीवर प्रोप्रॅनोलॉल दिलं. त्याने न भागल्यास प्रेडनिसोलोन हे स्टेरॉइड द्यायचं ठरलं होतं, पण ती वेळ आली नाही.

दीड महिन्याने ओपीडीत त्या दिसल्या. "कान गेला रे, पण आता दिवसभर झोप येते. पोळ्या लाटता लाटता डुलकी लागते." साठा रिकामा झाला की काही काळ असं होतं. टीएसएच आता उलट वाढून ९ आलं होतं. सरांनी लगेच थायरॉइडची गोळी न देता सहा आठवड्यांनी पुन्हा तपासायला सांगितलं. मी तारीख त्यांच्या केसपेपरवर लिहिली आणि विचारलं, "काकू, आणखी काही होतंय का? कुठेही?"