पाच पैशांनी खाल्लेला अल्गो: इंट्राडे खर्चाचा माझा अनुभव

कोल्हापुरात शाहूपुरीतल्या ब्रोकरच्या शाखेत मॅनेजर मला म्हणाले, "साहेब, पाच पैसे म्हणजे काय हो? पाच पैशांसाठी एवढं काय धरून बसलाय?" त्या वाक्याचा राग अजून गेलेला नाही, म्हणूनच हे लिहितोय. छोट्या रकमेचे भरपूर सौदे आपोआप करणारा अल्गो चालवायचा असेल, तर नफा की तोटा हे शेअरमागच्या दलालीतल्या त्या पाच पैशांवरच ठरतं. आणि ते पाच पैसे कुठे छापलेले असतात हे कोणी आपणहून सांगत नाही.

अल्गो साधा आहे. शंभर रुपयांच्या आतबाहेरचे, भरपूर उलाढाल असलेले काही शेअर, पाच मिनिटांची कँडल. भाव सरासरीपासून फार खाली गेला की घ्यायचं, परत आला की विकायचं, सगळं त्याच दिवशी. एपीआयची चावी मिळवणं, स्टॅटिक आयपी घेऊन ब्रोकरकडे नोंदवणं ही कामं सुरळीत झाली. सेबीच्या 4 फेब्रुवारी 2025 च्या अल्गोविषयीच्या परिपत्रकाचं पुष्कळांना दडपण वाटतं, पण सेकंदाला दहा ऑर्डरच्या आत राहणाऱ्या आपल्यासारख्यांना त्यात फारसा त्रास नाही.

जुन्या भावांवर अल्गो चालवून पाहिला त्या बॅकटेस्टमध्ये खर्च धरलेला होता, हे आधीच सांगतो. ब्रोकरच्या अ‍ॅपवर इंट्राडेसाठी 0.03 टक्के दलाली लिहिलेली आहे, तीच मी घेतली होती. तिच्याशिवाय एसटीटी हा सौद्यावरचा कर, एक्स्चेंजचा चार्ज, सेबी फी, स्टँप ड्युटी आणि जीएसटीही. एवढं करून कागदावर प्रत्येक सौद्यामागे थोडे पैसे उरत होते. प्रत्यक्षात अ‍ॅपच्या पी अँड एल स्क्रीनवर हिरवा आकडा दिसायचा आणि लेजरमधली शिल्लक मात्र कमी होत जायची. कारण त्या स्क्रीनवर फक्त खरेदी-विक्रीतला फरक असतो, खर्च वजा केलेला नसतो. तुमचा अल्गो कमावतोय की नाही हे लेजरवरच बघा, त्या स्क्रीनवर नको.

आता एक सौदा पूर्ण मांडतो. 80 रुपयांचा शेअर, 300 नग, म्हणजे 24,000 रुपयांची खरेदी आणि जवळपास तेवढीच विक्री. 0.03 टक्क्याने दलाली एका बाजूला 7.20, दोन्ही मिळून 14.40 रुपये. इंट्राडेमध्ये एसटीटी फक्त विक्रीवर लागतो, 0.025 टक्के, म्हणजे 6 रुपये. स्टँप ड्युटी फक्त खरेदीवर, 0.003 टक्के, म्हणजे 72 पैसे. एनएसईचा चार्ज दोन्ही बाजूंना 0.00297 टक्के, मिळून 1.43. सेबीची फी पाच पैसे. दलाली, एक्स्चेंज चार्ज आणि सेबी फी यांच्या बेरजेवर 18 टक्के जीएसटी, 2.86. एकूण 25.46 रुपये. म्हणजे भाव साडेआठ पैसे वर गेला की खर्च निघाला.

माझ्या अल्गोचा सरासरी ढोबळ नफा सौद्यामागे 0.16 टक्के होता, म्हणजे 24,000 वर 38.40 रुपये. त्यातून 25.46 गेले तरी 12.94 उरायला हवे होते. उरत मात्र काहीच नव्हतं.

उत्तर सापडलं कॉन्ट्रॅक्ट नोटमध्ये. रोज संध्याकाळी ईमेलवर पासवर्ड लावलेली जी पीडीएफ येते आणि बहुतेक लोक उघडतही नाहीत, ती. तिच्या मागच्या पानांवर प्रत्येक ट्रेडची ओळ असते. त्यात नग आणि भाव यांच्या शेजारी एका नगामागच्या दलालीचा रकाना असतो. 80 रुपयांच्या शेअरवर 0.03 टक्के म्हणजे नगामागे 2.4 पैसे. माझ्या नोटवर प्रत्येक ओळीत 0.05 छापलेलं होतं. शेअर 60 चा असो की 110 चा, आकडा तोच. टक्क्याने लावलेली दलाली भावाबरोबर बदलते. आकडा हलतच नसेल, तर किमान दलाली लागतेय हे ओळखायचं.

खातं मी बऱ्याच वर्षांपूर्वी याच शाखेतून उघडलं होतं. त्या योजनेत "0.03 टक्के, किमान 5 पैसे प्रति शेअर" असा दर होता. अ‍ॅपवर जो दर दिसतो तो नव्या ग्राहकांचा, आणि तिथे जुन्या खात्यांबद्दल एक अक्षर नाही. महागड्या शेअरमध्ये ही अट कधी जाणवतच नाही, कारण 167 रुपयांच्या वर 0.03 टक्केच पाच पैशांपेक्षा जास्त होतात. जसजसा भाव त्याखाली येतो, तसतशी ती बोचायला लागते.

वरचाच सौदा पाच पैशांनी मांडा. दलाली 14.40 ऐवजी 30 रुपये. जीएसटी दलालीवरच चढतो, तोही 5.67 झाला. बाकी सगळं तेवढंच. एकूण 43.87. ढोबळ नफा 38.40, खर्च 43.87, सौद्यामागे 5.47 रुपये तोटा. रोज असे दहा सौदे आणि महिन्याला बाजाराचे वीस दिवस धरले, तर ढोबळ नफा 7,680 आणि खर्च 8,774. एका वेळी गुंतणारी रक्कम 24,000, आणि त्याच्या तिसऱ्या हिश्शापेक्षा जास्त पैसे महिन्याभरात नुसत्या खर्चात जातात. अल्गोचा अंदाज बरोबर असूनसुद्धा!

मग सुरू झाली दर बदलून घेण्याची फरफट. हेल्पलाइनवर सांगितलं, खातं शाखेतलं आहे, शाखेत जा. शाखेत सांगितलं, दलालीचा स्लॅब हेड ऑफिस बदलतं, ईमेल करा. ईमेलला आपोआप उत्तर आलं की रिलेशनशिप मॅनेजरशी बोला. माझ्या खात्यावर नाव असलेला रिलेशनशिप मॅनेजर केव्हाच नोकरी सोडून गेला होता. पुन्हा शाखेत गेलो, तेव्हा काउंटरवरच्या मुलाने फॉर्म दिला, मी तो भरला, सही केली. काही दिवसांनी विचारलं तर म्हणे, फॉर्म वर गेलाच नाही, सही जुळत नव्हती. हे कळवायचं कुणी होतं? तोपर्यंत अल्गो मी बंद ठेवला होता. तुम्हीही तसंच करा. दर बदलल्याचं लेखी हातात येईपर्यंत एकही सौदा टाकू नका.

पाच पैशांचं ते वाक्य त्यानंतरचं. मी उद्यमनगरात सीएनसी जॉबवर्क करतो. नगामागे पाच पैसे कमीजास्त झाले तर हजारो नगांच्या ऑर्डरचं काय होतं हे आमच्याकडे पोराबाळांना कळतं. मी मॅनेजरसमोरच कागदावर वरचा हिशेब मांडला. त्यांनी तो नीट पाहिला, आणि मग म्हणाले, "तुम्ही एवढे सौदे करताच कशाला?" सल्ला म्हणून तो वाईट नाही, पण मी विचारलेल्या प्रश्नाचं ते उत्तर नव्हतं.

काम झालं ते वेगळ्याच वाटेने. कॉन्ट्रॅक्ट नोटवरच कंप्लायन्स ऑफिसर आणि तक्रारीचा ईमेल पत्ता छापलेला असतो. नोंदणीकृत ईमेलवरून तिथे लिहिलं. मजकुरात रागाचा एक शब्दही घातला नाही. तीनच गोष्टी मागितल्या: माझ्या खात्याला लागू असलेल्या दरपत्रकाची प्रत, अ‍ॅपवर वेगळा दर का दिसतो याचं स्पष्टीकरण, आणि किमान दलाली काढून टाकण्याची विनंती. सोबत एका कॉन्ट्रॅक्ट नोटचं पान आणि अ‍ॅपचा स्क्रीनशॉट. शेवटी लिहिलं की उत्तर न आल्यास सेबीच्या स्कोअर्स या तक्रार पोर्टलवर तक्रार करीन. तिथे कंपनीला 21 दिवसांत उत्तर द्यावं लागतं, आणि ही मुदत ब्रोकरच्या माणसांना पाठ असते. उत्तर लवकर आलं, स्लॅब बदलला. आधी कापलेले पैसे परत मिळाले नाहीत. दरपत्रकात अट लिहिलेली आहे, एवढंच त्यांचं म्हणणं. मला ते पटलेलं नाही.

बदल त्या दिवसापासून पुढेच लागू होतो, म्हणून पहिल्या दिवशी एकच लहान सौदा केला आणि नोट तपासली. 82 च्या भावाला नगामागे दलाली 0.0246 दिसली. तेव्हा कुठे जिवाला बरं वाटलं.

पडताळणीसाठी मी हे फंक्शन वापरतो. `min_ps` मध्ये तुमची नगामागची किमान दलाली टाका, नसेल तर शून्य.

```python
def charges(q, buy, sell, min_ps=0.0):
    brok = sum(q * max(0.0003 * p, min_ps) for p in (buy, sell))
    tv = q * (buy + sell)
    exch, sebi = tv * 0.0000297, tv * 0.000001
    stt = q * sell * 0.00025
    stamp = q * buy * 0.00003
    gst = 0.18 * (brok + exch + sebi)
    return brok + exch + sebi + stt + stamp + gst
```

नोटवर एसटीटी पूर्ण रुपयात येतो, त्यामुळे थोडा फरक पडेल. तेवढा सोडून द्या. पुष्कळ ब्रोकर ऑर्डरमागे 20 रुपयांची कमाल मर्यादा ठेवतात, ती 0.03 टक्क्याच्या हिशेबाने 66,667 रुपयांच्या वरच उपयोगी पडते. उलट काहीजण टक्का न लावता सरळ 20 रुपये घेतात. 24,000 च्या सौद्याला ते माझ्या पाच पैशांपेक्षाही महाग पडतं, दोन बाजूंचे 40 आणि वर जीएसटी.

"आमच्याकडे दलालीच नाही" असं कुणी सांगितलं तरी हुरळून जाऊ नका. दलाली शून्य धरली तरी या सौद्यावर साधारण साडेआठ रुपये जातात, त्यातले सहा एसटीटीचे. एसटीटी सौदा तोट्यात गेला तरी लागतो, आणि रक्कम लहान केल्याने त्याचा टक्का कमी होत नाही. शिवाय घेताना वरचा भाव आणि विकताना खालचा भाव मिळतो. तिथे दोन पैशांचा फरक पडला तर 300 नगांवर आणखी 6 रुपये गेले. म्हणजे स्लॅब बदलल्यानंतरही माझे 12.94 प्रत्यक्षात सातच्या आसपास राहतात. एवढ्यावर अल्गो चालवणं मला धोक्याचं वाटलं, कारण ढोबळ नफा 0.16 वरून 0.13 टक्क्यांवर घसरला तरी सगळं संपतं. म्हणून आता निकष बदललाय: अपेक्षित हालचाल एकूण खर्चाच्या किमान तिप्पट असेल तरच ऑर्डर जाते. सौदे पुष्कळ कमी झाले, उरतात त्यांत मात्र हिशेब जुळतो.

सांगायचं राहिलं: इंट्राडे वेळेत स्वतः बंद करा. बाजार बंद व्हायच्या आधी ब्रोकरच्या यंत्रणेने पोझिशन कापली, तर बरेच ब्रोकर त्यासाठी वेगळे 50 रुपये आणि जीएसटी लावतात. एवढ्या लहान सौद्याच्या कमाईवर मग पाणीच. माझी स्क्रिप्ट तीन वाजताच सगळं बंद करते.

आणि कॉन्ट्रॅक्ट नोटा जपून ठेवा. शेअरमधला इंट्राडे नफा प्राप्तिकरात सट्टा व्यवसायाचं उत्पन्न धरला जातो, त्यामुळे दलालीबरोबर एसटीटीसुद्धा खर्च म्हणून वजा करता येतो. भांडवली नफ्यात एसटीटीची ही सवलत नसते. तोटा झाला तर तो पुढची चार वर्षं ओढता येतो, पण फक्त सट्ट्याच्याच नफ्यातून वळता होतो आणि त्यासाठी विवरणपत्र मुदतीत भरावं लागतं. राजारामपुरीतल्या आमच्या सीएंनी पहिल्याच भेटीत मागितलं ते वर्षभराचं खर्चाचं विवरण, आणि ते ब्रोकरच्या बॅक ऑफिसमधून एका क्लिकवर निघतं.