३१ मेच्या आधीची गाणी

माध्यमिक शाळेतला शिक्षक अठ्ठावन्न वर्षे पूर्ण झाली की त्या महिन्याच्या अखेरीस निवृत्त होतो, हा नियम सगळ्यांना ठाऊक असतो. परंतु आमच्या शाळेत जवळजवळ दर वर्षी कोणीतरी नेमके ३१ मे रोजीच का निवृत्त होत असे, याचे उत्तर कार्यालयातल्या सेवापुस्तकांत होते. जुन्या काळी मुलाला शाळेत घालताना पालकांना जन्मतारीख सांगता आली नाही, तर गुरुजी अंदाजाने वर्ष धरून १ जून ही तारीख लिहून टाकत, आणि महिन्याच्या एक तारखेला जन्मलेला माणूस आधीच्या महिन्याच्या शेवटच्या दिवशी निवृत्त होतो. त्यामुळे आमच्याकडे एक जूनच्या मंडळींची मोठी रांग होती आणि त्यांचा खरा निरोपाचा दिवस ऐन सुट्टीत येत असे. शाळा बंद, मुले गावोगाव पांगलेली, वर्गांना कुलपे. म्हणून निकालपत्रके लिहून झाली की एप्रिलच्या शेवटच्या कामाच्या दिवशी, कार्यालयाला लागून असलेल्या शिक्षककक्षात सेवापूर्तीचा छोटा समारंभ ठरलेला असे. सतरंजी, दोन पंखे, शाल-श्रीफळ, मानपत्र, पुरी-भाजी आणि आम्रखंड. त्यातल्या गाण्यांची जबाबदारी मराठी शिकवणारा म्हणून माझ्याकडे आली आणि मी निवृत्त होईपर्यंत ती माझ्याकडेच राहिली.

पहिल्या वर्षी मी जी चूक केली, ती आजही आठवली की कान तापतात. चित्रकलेचे सर निवृत्त होत होते. निरोप म्हटल्यावर मला सुचला तो तुकोबांचा अभंग: 'आम्ही जातो आपुल्या गावा, आमचा राम राम घ्यावा'. चाल सोपी, ठेका भजनी, शब्द सगळ्यांच्या कानावरचे. आमच्यातल्या एका गोड गळ्याच्या बाईंनी तो म्हणायला घेतला, धृपदाला सर्वांनी साथ दिली, सरही मान डोलावू लागले. मग दुसरी ओळ आली: 'तुमची आमची हेचि भेटी, येथुनियां जन्मतुटी'. तुकोबांच्या वैकुंठगमनाशी जोडला गेलेला तो अभंग आहे, हे मी स्वतः वर्गात शिकवीत होतो. तरीही पहिल्या ओळीच्या मोहात दुसरी ओळ विसरलो होतो. सरांच्या पत्नी पुढच्याच खुर्चीवर बसलेल्या होत्या. त्यांनी पदर डोळ्यांना लावला, गाणाऱ्या बाईंचा आवाज कापू लागला आणि वर्षभर मुलांना हसवणारे आमचे सर मान खाली घालून नखे पाहत राहिले. त्यानंतर त्यांना सत्काराला उत्तर द्यायचे होते. ते उठले, 'सगळ्यांचे आभार' एवढेच म्हणाले आणि बसले. तीस वर्षांच्या नोकरीतल्या गमती सांगण्यासाठी त्यांनी खिशात एक कागद आणला होता, हे मला नंतर कळले.

त्या संध्याकाळी घरी जाताना मी दोन गोष्टी मनाशी नोंदवल्या. निरोपाचे म्हणून जे गाणे आपल्याला पटकन आठवते, ते बहुधा जाणाऱ्याच्या तोंडचे असते. गाव सोडून निघालेला, सासरी चाललेली, देह ठेवणारा, यांच्या तोंडी आपल्या भाषेने फार सुंदर शब्द दिले आहेत. पण ते शब्द मागे राहणाऱ्यांनी, समोर बसलेल्या माणसाला उद्देशून म्हटले की त्यांचा अर्थ उलटतो आणि आपण त्याला जणू दाराबाहेर नेऊन ठेवतो. दुसरी गोष्ट अगदी साधी होती: कोणतेही गाणे निवडताना शेवटच्या कडव्यापर्यंत वाचावे. चाल उडती असली म्हणजे गाणे आनंदाचे असते असे नाही. तसेच चाल संथ असली म्हणून ते रडवते असेही नाही, हे मला पसायदानाने शिकवले.

पसायदान आमच्या परिपाठात रोज होत असे, त्यामुळे ते समारंभाच्या शेवटी घ्यावे ही सूचना प्रथम काहींना अगदीच रुक्ष वाटली. मी त्यांना एवढेच सांगितले की ज्ञानदेवांनी हे मागणे ग्रंथ पुरा झाल्यावर, अठराव्या अध्यायाच्या शेवटी मागितले आहे. 'येणें वाग्यज्ञें तोषावें' हे वाक्य हाती घेतलेले काम संपवून उठणाऱ्या माणसाचे आहे, आणि ज्याचे काम आयुष्यभर बोलण्याचेच होते, त्या शिक्षकाला यापेक्षा नेमके लागू पडणारे दुसरे काय असू शकते? नऊ ओव्यांत कोठेही कोणाचा निरोप नाही, ताटातूट नाही, आणि शेवट तर 'सुखिया जाला' असा. शिवाय ते शिपायापासून मुख्याध्यापकांपर्यंत सगळ्यांना पाठ असते. ज्याचा सत्कार आहे तो माणूसही हात जोडून आपल्यात मिसळून म्हणतो आणि त्या तीन-चार मिनिटांपुरता समारंभ कोणा एकाचा उरत नाही.

सुरावटीपेक्षा पट्टीचा प्रश्न जास्त छळत असे. शिक्षककक्षात गाणारे म्हणजे निम्म्या बाई, निम्मे सर, आणि शिकलेला गळा एखादाच. काळी चार-पाचला पेटी धरली की अंतऱ्यात पुरुषांच्या गळ्याच्या शिरा दिसत. काळी एकला धरली की बायकांचा षड्ज ऐकूच येईना. शेवटी आम्ही पांढरी चारवर स्थिरावलो, जिथे दोघांचीही थोडी गैरसोय होते पण कोणाचीच फजिती होत नाही. मंगेश पाडगावकरांचे, यशवंत देवांनी चाल दिलेले आणि अरुण दात्यांनी घरोघर पोहोचवलेले 'या जन्मावर, या जगण्यावर' आम्ही पुढे कितीतरी वर्षे त्याच पट्टीत म्हटले. त्यात निरोपाचा शब्दही नाही, म्हणूनच ते निरोपाला चालते. जाणाऱ्याला पुढे खूप काही आहे, हे ते न सांगता सांगते.

मात्र माझ्या आठवणीत सर्वांत वर आहे ते आमच्या गणिताच्या बाईंचे वर्ष. बाईंना भारदस्त शब्दांचे वावडे होते. मानपत्रात 'ज्ञानदीप', 'चंदनासारखे झिजणे' असले काही आले तर मी ते लाल पेनाने खोडीन, अशी ताकीद त्यांनी आधीच देऊन ठेवली होती. तेव्हा त्यांच्यासाठी आपणच ओव्या कराव्यात असे ठरले: जात्यावरच्या चालीच्या, दोन-दोन ओळींच्या. अट एकच घातली की प्रत्येक ओवीत या खोलीतल्या सर्वांनी डोळ्यांनी पाहिलेली एक वस्तू हवी, आणि जिच्यात ती नसेल ती ओवी बाद. मधल्या सुट्टीत, वीस-वीस मिनिटांच्या तीन बैठकांत, डबे खाताखाता अकरा ओव्या झाल्या आणि त्यांतल्या चारच उरल्या.

पहिली माझी ओवी, बाईंच्या खडूला
दोरी ना कंपास, वर्तुळ फळ्याला

दुसरी माझी ओवी, डब्याला वाहिली
अपूर्णांक सांगत, भाकरी वाटिली

तिसरी माझी ओवी, लाल शाईपाशी
उत्तर चुकले तरी, गुण पायऱ्यांशी

चौथी माझी ओवी, जूनच्या पावसा
घंटा वाजेल आम्हां, तुम्ही निवांत बसा

काव्य म्हणून हे काय आहे ते मला ठाऊक आहे. पण बाद केलेल्या ओव्यांकडे पाहिले म्हणजे या चार का टिकल्या हे कळते. एका तरुण सरांनी 'रिकामी खुर्ची, ओला तो फळा' अशी ओवी केली होती आणि शब्दांची जुळणी खरे तर तिचीच सर्वांत चांगली होती. ती काढताना ते जरा रुसलेही. तिच्यात वस्तू होती, परंतु ती बाईंची नव्हती, बाईंच्या नसण्याची होती. दुसरी एक ओवी बाईंच्या गुडघेदुखीवर आणि जिन्यावर होती. सवयीची थट्टा माणसाला सुखावते, दुखण्याची नाही, म्हणून तीही गेली. तिसऱ्या ओवीवर मात्र कोणाचे दुमत नव्हते. उत्तर चुकले तरी रीत बरोबर असेल तर पायऱ्यांचे गुण द्यायचेच, यासाठी बाई दर परीक्षेला आमच्याशी भांडत आल्या होत्या, आणि त्या गुणांवर दहावी तरलेली दोन मुले आता आमच्याच शाळेत शिक्षक म्हणून त्या सतरंजीवर बसलेली होती.

गाणे केव्हा घ्यायचे, हाही धडा चित्रकलेच्या सरांकडून शिकलेलाच होता. सत्कारमूर्तींच्या मनोगताच्या लगेच आधी गाणे घेतले की त्यांचा गळा आपणच दाटवतो. म्हणून ओव्या शाल-श्रीफळानंतर लगेच, सहकाऱ्यांच्या भाषणांच्या आधी ठेवल्या. भाषणे होईपर्यंत बाईंना सावरायला वेळ मिळाला. त्यांच्या मनोगतानंतर पाडगावकरांचे गाणे, मग आभार आणि पसायदान. साथीला पेटी होती आणि आमच्या लिपिकांची खंजिरी. पेन्शनची प्रकरणे वर्षानुवर्षे तयार करणारा तो गंभीर माणूस इतकी हलकी थाप देतो, याचा शोध आम्हाला त्याच दिवशी लागला. दुसऱ्या ओवीला हशा पिकला, कारण बाईंच्या डब्यातला तुकडा खाल्ला नाही असे त्या खोलीत कोणी नव्हते. तिसरीला ते दोघे तरुण शिक्षक ताठ बसले. चौथीला बाई स्वतःच मोठ्याने हसल्या आणि 'जूनमध्ये पहिल्या घंटेला फोन करीन हं सगळ्यांना' असे म्हणाल्या. मग त्या तब्बल पंचवीस मिनिटे बोलल्या, एकदाही न अडखळता, आणि आम्रखंड वितळायला लागले तरी कोणी उठले नाही.

जेवणे झाल्यावर त्यांनी ओव्यांचा कागद मागून घेतला. आठवण म्हणून घरी नेतील असे मला वाटले होते. त्या खिडकीपाशी गेल्या, पर्समधून पेन काढले आणि पाच मिनिटांनी कागद माझ्या हाती परत दिला. दुसऱ्या ओवीत 'भाकरी'खाली लाल रेघ होती आणि समासात लिहिले होते: 'भाकरी नव्हे, थालीपीठ. आठ समान भाग. रीत बरोबर, पायऱ्यांचे गुण दिले आहेत.'