शेकरूची शेपटी : थर कमी केले की केस विरळ का होतात, आणि त्यावर सापडलेला उपाय

मागच्या नोंदीत माझ्या त्रिमितीय शेकरूचे अंग जवळजवळ पूर्ण झाले होते. त्याचे केस मी शेल पद्धतीने काढतो, म्हणजे पृष्ठभागाचेच थर एकावर एक रचून प्रत्येक थरावर केसांचे छेद तेवढे दाखवतो. पाठीवरचा तांबूस-तपकिरी आखूड केसांचा पट्टा आणि पोटाकडचा फिकट भाग बत्तीस थरांत व्यवस्थित दिसत होता, आणि कॅमेरा लांब गेला की थर कमी करण्याची व्यवस्थाही अंगावर समाधानकारक चालत होती. शेपटीवर मात्र तीच व्यवस्था पार कोलमडली. कॅमेरा मागे नेताना ज्या क्षणी थर बत्तीसवरून आठावर येत, त्या क्षणी झुपकेदार शेपटी एकदम वाळल्यासारखी दिसे आणि तिच्या कडेतून मागची पाने आरपार दिसू लागत. भीमाशंकरच्या शेकरूची ओळखच जिच्यामुळे पटते, ती शेपटी अशी दिसणे मला मान्य नव्हते. म्हणून ही नोंद जवळजवळ सगळी तिच्यावरच आहे.

आधी मोजमापे सांगतो. माझ्या मॉडेलमध्ये शेपटीच्या गाभ्याची त्रिज्या ८ मिमी आहे आणि त्यावर ३२ मिमी लांबीचे केस आहेत, म्हणजे सगळ्यांत बाहेरचा थर अक्षापासून ४० मिमीवर येतो. शेपटीकडे बाजूने पाहिले तर तिच्या रुंदीपैकी फक्त पाचव्या हिश्श्याच्या मागे गाभ्याचा अपारदर्शक पृष्ठभाग असतो. उरलेल्या चार हिश्श्यांत दृष्टिरेषा थरांत शिरते आणि गाभ्याला न लागता निघून जाते. अंगावर केस थोडे विरळ झाले तरी खाली त्याच रंगाची कातडी असते, त्यामुळे डोळ्याला उणीव जाणवत नाही. शेपटीला तो आधार नाही.

आता अक्षापासून २४ मिमी अंतरावरून जाणारी एक दृष्टिरेषा घेऊ. बत्तीस थर असतील तर दोन थरांतले अंतर १ मिमी होते आणि ही रेषा बाहेरचे सोळा थर ओलांडते (मागच्या बाजूचे त्रिकोण मी गाळतो, म्हणून प्रत्येक थर एकदाच मोजायचा). सोयीसाठी प्रत्येक थराचे कव्हरेज, म्हणजे थराचा केसांनी व्यापलेला भाग, ०.१२ धरू. मग मागचे दृश्य दिसण्याचे प्रमाण ०.८८ चा सोळावा घात, म्हणजे सुमारे १३ टक्के येते. आठच थर ठेवले तर तीच रेषा फक्त चार थर ओलांडते आणि प्रमाण ६० टक्क्यांवर जाते. शेपटी वाळल्यासारखी दिसण्याचे कारण एवढेच आहे.

यावरचा परिचित उपाय म्हणजे प्रत्येक उरलेल्या थराचे कव्हरेज वाढवणे. थर चौथ्या हिश्श्यावर आले, तर नवे कव्हरेज १ वजा ०.८८ चा चौथा घात, म्हणजे ०.४० घ्यायचे, चार थरांनंतर पुन्हा १३ टक्केच उरतात. कडेला हे सूत्र अचूक बसते. पण शेपटीच्या मध्यभागी, जिथे आपण केसांच्या टोकाकडून सरळ खाली पाहतो, तिथे केस एकाएकी जाड झाले. माझ्या शेडरमध्ये केस म्हणजे चौकोनी घरातले एक वर्तुळ असते, त्यामुळे कव्हरेज ०.१२ असताना घराच्या मापात त्याची त्रिज्या ०.१९५ असते आणि ०.४० ला ती ०.३५७ होते. जवळजवळ दुप्पट जाडीचा केस राठ कुंच्याच्या काड्यांसारखा दिसतो.

हा पेच सुटण्यासाठी त्या सूत्राखाली दडलेले गृहीतक पाहावे लागले. घात घेण्यामागे असे मानलेले असते की प्रत्येक थरावर केस लागण्याची शक्यता स्वतंत्र आहे. शेल पद्धतीत तसे नसते, कारण एकच केस सगळ्या थरांवर त्याच घरात असतो. सरळ खाली पाहिले तर एका पिक्सेलला सगळ्या थरांवर एकच घर लागते, म्हणून थर आठ असोत वा बत्तीस, झाकला जाणारा भाग तेवढाच राहतो आणि भरपाईची गरजच नसते. तिरके पाहिले तर दर थराला रेषा शेजारच्या घरात सरकते, थर खरोखर स्वतंत्र होतात आणि भरपाई पूर्ण लागते. म्हणजे भरपाई किती करायची हे निव्वळ थरांच्या संख्येवर ठरत नाही. मूळ बत्तीस थरांच्या मांडणीत, एका थरावरून दुसऱ्यावर जाताना दृष्टिरेषा किती घरे सरकली असती, त्यावर ते ठरते.

हे सरकणे s मानले आणि एका नव्या थराने किती मूळ थरांची जागा घेतली तो आकडा k मानला, तर घातांक १ + (k − १) × s एवढा घ्यायचा, आणि s ला १ च्या वर जाऊ द्यायचे नाही. उदाहरणार्थ s ०.२५ आणि k चार असेल, तर घातांक १.७५ येतो, कव्हरेज ०.२० होते आणि केसाची त्रिज्या ०.१९५ वरून ०.२५ वर जाते. ही वाढ डोळ्याला खटकत नाही.

पहिल्या आवृत्तीत s मी पृष्ठभागाच्या लंबापासून मोजत होतो आणि अंगावर ते पुरत होते. शेपटीचे केस मात्र टोकाच्या दिशेने विंचरलेले आहेत, आणि ही नोंद लिहिताना शेजारी शेपटी फिरवत असतानाच ध्यानात आले की पाहण्याचा कोन लंबाशी नव्हे, तर केसाच्या दिशेशी मोजायला हवा. केसाच्या रोखाने पाहिले की घर बदलत नाही, मग ती दिशा लंबापासून कितीही कललेली असो. बदल दोन ओळींचा होता, म्हणून पुढे जाण्याआधी तो करून पाहिला. शेपटीच्या टोकाकडून पाहताना केस जाड होण्याचा जो उरलासुरला दोष होता, तो गेला. सध्याचा भाग असा आहे :

```glsl
vec3 a = V / max(dot(V, N), 0.1);
vec3 b = D / max(dot(D, N), 0.1);
float cell = cell0 * (1.0 + h * L / r0);
float s = clamp(gap0 * length(a - b) / cell, 0.0, 1.0);
float c2 = 1.0 - pow(1.0 - c, 1.0 + (k - 1.0) * s);
float r2 = min(sqrt(c2 / 3.14159), 0.5);
```

यात D ही केसाची दिशा, `gap0` हे मूळ बत्तीस थरांतले अंतर आणि `h` ही शून्य ते एक अशी थराची उंची आहे. तिसरी ओळ घनतेच्या उताराशी जोडलेली आहे, आणि तिच्यामुळे मला उताराचाही फेरविचार करावा लागला. गाभ्यावर ०.२ मिमीचे असलेले घर बाहेरच्या थरावर परिघाच्या दिशेने पाचपट ताणले जाऊन १ मिमीचे होते, कारण परीघच पाचपट झालेला असतो. घराबरोबर केसही ताणला जातो आणि टोकाशी तो चपट्या पातीसारखा दिसतो. म्हणून शेपटीवर केसाची आडवी जाडी त्याच प्रमाणात भागावी लागते, आणि तसे केले की घनता टोकाकडे आपोआप पाचव्या हिश्श्यावर येते. त्यावर पुन्हा अंगासाठीचा (१ − h) च्या वर्गाचा उतार लावला, तर वरचे थर जवळजवळ रिकामे होतात. शेपटीसाठी मी तो घातांक २ वरून ०.६ वर आणला आहे.

रिकाम्या थरांचा मुद्दा खर्चासाठीही महत्त्वाचा आहे. घनता कमी केली म्हणजे काम कमी झाले, असे अनेकांना वाटते. प्रत्यक्षात `discard` झालेल्या फ्रॅगमेंटचा शेडर तोवर चाललेला असतो, त्यामुळे तीन टक्के केस असलेला वरचा थर पूर्ण भरलेल्या थराइतकाच खर्च मागतो. किंबहुना बाहेरचा थर आकाराने मोठा असल्यामुळे थोडा जास्तच मागतो. रेंडरडॉकमधले `Quad Overdraw` हे दृश्य लावून पाहिले की हे लगेच दिसते, आणि या कामासाठी मला तरी त्याहून उपयुक्त साधन माहीत नाही. पडद्यावर शेपटीने ५ लाख पिक्सेल व्यापले असतील, तर बत्तीस थरांत १ कोटी ६० लाख फ्रॅगमेंटपर्यंत मजल जाते. माझ्या जीटीएक्स १६५० वर एका शेकरूसाठी ते निभावते, पण फांदीवर चार शेकरू बसवायचे असतील तर निभावत नाही. खर्च खरोखर कमी करायचा असेल तर थरच कमी करावे लागतात, आणि म्हणूनच भरपाई नीट बसणे इतके आवश्यक होते.

भरपाई बसली की नाही हे डोळ्यावर सोडू नये. मी केस पांढरे, गाभा आणि पार्श्वभूमी काळी करून शेपटी वेगळ्या टेक्स्चरमध्ये काढतो, `glGenerateMipmap` चालवतो आणि शेवटच्या एका पिक्सेलच्या पातळीवरून सरासरी उजेड वाचतो. यात एक धोका आहे. मध्यभाग जास्त भरला आणि कडा कमी भरल्या, तरी एकूण सरासरी बरोबर येऊ शकते; त्यामुळे मधली पट्टी आणि कडेच्या पट्ट्या वेगवेगळ्या मोजाव्यात. नव्या सूत्रानंतर दोन्हीकडचे आकडे बत्तीस थरांच्या आकड्यांना लागून आले. एक कळ दाबून थर बदलत राहिलो, तरी शेपटी फुगत नाही आणि आटतही नाही, हे पाहण्यात जो आनंद आहे तो तुम्हाला सांगायला नको.

तरीही आठ थर मी अंतिम मानत नाही. भरपाईने अपारदर्शकता परत येते, पण गेलेले थर परत येत नाहीत. पडद्यावर केसांची लांबी ३२ पिक्सेल असताना आठ थरांत ४ पिक्सेलचे अंतर पडते आणि कडेला समकेंद्री कडी स्पष्ट दिसतात. ३ पिक्सेलपर्यंतचे अंतर मला चालते, म्हणून त्या अंतरावर अकरा थर ठेवले आहेत. पुढचा नियमही तोच ठेवला : केसांची पिक्सेलमधली लांबी भागिले तीन, आणि कमाल बत्तीस. अगदी जवळून, केस दोनशे पिक्सेल लांब दिसत असताना, बत्तीस थरांतही सहा पिक्सेलच्या फटी राहतात. तिथे थर वाढवण्याऐवजी लेंगेल आणि सहकाऱ्यांनी २००१ मध्ये मांडलेल्या फिनच, म्हणजे कडेला उभ्या केलेल्या केसांच्या पट्ट्याच, लावाव्या लागतील असे दिसते.

केसांची दिशा ब्लेंडरमध्ये रंगवणाऱ्यांसाठी एक सूचना : कलर अ‍ॅट्रिब्यूट करताना `Byte Color` न निवडता `Color` निवडा. पहिल्यात दर वाहिनीला आठच बिट मिळतात, आणि s मध्ये दिशेचा थेट वापर होत असल्यामुळे तेवढ्या पायऱ्याही शेपटीवर पट्ट्यांच्या रूपाने उमटतात.

फिन पुढच्या नोंदीसाठी योजले होते, पण त्याआधी आता दुसरे काम घेतो. घर फक्त परिघाच्या दिशेने ताणले जाते, शेपटीच्या लांबीच्या दिशेने ते ०.२ मिमीच राहते, आणि वरचा कोड दोन्ही दिशांना एकच माप लावतो. `a - b` चे परिघाच्या आणि लांबीच्या दिशेने दोन घटक करून प्रत्येकाला आपल्या मापाने भागले, तर शेपटी कॅमेऱ्याकडे तिरकी वळते तेव्हा फिकट टोकाजवळ उरलेला किंचित विरळपणाही जायला हवा. वाऱ्याने D दर फ्रेमला बदलू लागल्यावर केसांची जाडी लुकलुकते का, हे त्यानंतरच तपासता येईल.