एकाच गाड्यावर खाल्लं, पण मेव्हण्याला साडेतीन तासांत उलट्या अन् मला २२ तासांनी जुलाब : माझा अनुभव

मे महिन्यातली गोष्ट, परभणीत पारा ४२-४३ ला टेकलेला असतो ते दिवस. मेव्हणा लग्नासाठी आला होता, शनिवारी रात्री साडेनऊला आम्ही दोघं बसस्टँडकडं चायनीजच्या गाड्यावर गेलो. तो शनिवार पाळतो म्हणून त्यानं व्हेज फ्राइड राईस घेतला अन् मी चिकन लॉलीपॉप. वरून मस्त लालभडक कुरकुरीत होतं, पण हाडाजवळ घास घेतला तर आतून गारच लागलं. गाड्यावर गर्दी होती, भूक लागलेली होती, खाऊन टाकलं.

रात्री एकच्या सुमाराला मेव्हणा उठला अन् उलट्या सुरू. दोन तासांत पाच-सहा वेळा, शेवटी नुसतं आंबट पाणी पडायलं. ताप नाही, जुलाब नाही, फक्त पोटात कळ अन् मळमळ. सकाळपर्यंत थांबलं, आईनं साखर-मीठ घातलेलं लिंबूपाणी दिलं, दुपारी त्यानं ज्वारीची भाकरी अन् वरण खाल्लं अन् म्हणला, "दाजी, मी तर बरा झालो की." मला काहीच झालं नव्हतं, म्हणून आम्ही समजलो की विषय संपला.

रविवारी दुपारी घरी आमरस झाला. रात्री साडेसातला मला थंडी वाजून आली, बेंबीभोवती मुरडा, मळमळ अशी की पाण्याचा वासही नको वाटायला, अन् नऊनंतर जुलाब. रात्रभरात आठ वेळा गेलो, ताप १०२. घरात सगळ्यांचं एकच, आमरस बाधला. पण तोच आमरस सहा जणांनी खाल्ला होता, दोन लेकरंसुद्धा होती त्यात, बाकी कुणाला शिंकही आली नाही.

अन् इथं माझ्याकडून एक चूक झाली, ती सांगायलाच पाहिजे. पहाटे मी मेडिकलवाल्याला उठवून जुलाब बंद करायच्या गोळ्या आणल्या अन् दोन घेतल्या. जुलाब कमी झाले पण पोट फुगून तट्ट झालं, मुरडा दुप्पट, ताप तसाच. सोमवारी सकाळी संडासला शेंब पडायला लागली तेव्हा बायकोनं ऐकलं नाही, सरळ डॉक्टरांकडं नेलं.

डॉक्टरांनी पहिला प्रश्न "काय खाल्लं" असा विचारलाच नाही, विचारलं "किती वाजता खाल्लं अन् किती वाजता दुखायला लागलं?" मी आमरसाचं सांगितलं, ते म्हणले मागं जा, त्याच्या आधीच्या दोन-तीन दिवसांचं सांगा. गाड्याचं सांगितलं, मेव्हण्याच्या उलट्यांचं सांगितलं, तेव्हा त्यांनी कागदावर एक आडवी रेघ ओढली अन् त्यावर तास मांडले. आपण कायम शेवटच्या घासाला दोष देतो अन् बहुतेक वेळा तो घास निर्दोष असतो, हे मला त्या रेघेवरनं कळलं.

मेव्हण्याचं साडेतीन तासांत झालं. एवढ्या लवकर जिवाणू पोटात जाऊन, वाढून आजार करू शकत नाही, म्हणजे विष आधीच ताटात तयार होतं. तांदळावर बॅसिलस सिरियस नावाचा जिवाणू असतो, तो मातीतून येतो. भात शिजवला की जिवाणू मरतो पण त्याचे बीजाणू टणक असतात, ते उकळीतनं वाचतात. सकाळी शिजवलेला भात मोठ्या पातेल्यात झाकून रात्रीपर्यंत तसाच ठेवला की बीजाणू रुजतात, जिवाणू वाढतो अन् भातातच विष सोडतो. ते विष कढईत परतल्यानं जात नाही, म्हणून भात कितीही गरमागरम वाफाळता समोर आला तरी उपयोग नाही. हे विष पोटातल्या नसेला डिवचतं, ती नस मेंदूला सांगते की बाहेर टाका, अन् उलट्या सुरू. सहसा १ ते ६ तासांत सुरू होतं अन् एका दिवसात संपतं. हात-नाकावरच्या स्टॅफ जिवाणूचं विष चटणीत किंवा मलईच्या पदार्थात तयार झालं तरी वेळ साधारण एवढाच लागतो.

माझं वेगळं होतं. माझ्या पोटात विष नाही, जिवंत जिवाणू गेले होते. कच्च्या चिकनमध्ये अन् अंड्यात साल्मोनेला असू शकतो. तो खाल्ल्यावर आधी जठरातल्या ॲसिडमधून वाचावा लागतो, मग लहान आतड्याच्या खालच्या भागात जाऊन तिथल्या अस्तरात घुसतो. शरीर त्याच्यावर पांढऱ्या पेशी पाठवतं, तिथं सूज येते, आतडं पाणी सोडायला लागतं अन् आवळायला लागतं. ते आवळणं म्हणजेच मुरडा, अन् लहान आतड्याचं दुखणं बेंबीपाशी जाणवतं म्हणून मी सारखा तिथंच हात ठेवत होतो. ह्या सगळ्याला वेळ लागतो, ६ तासांपासून ३ दिवसांपर्यंत कधीही. माझे साडेनऊ ते साडेसात, २२ तास, बरोबर त्यात बसले. आमरस अन् थंडी यात जेमतेम सहा तास होते अन् बाकीचे पाच जण ठणठणीत, म्हणून डॉक्टरांचा संशय लॉलीपॉपवर.

मग त्यांनी विचारलं, रोज कुठली गोळी चालू आहे का. मी वर्षभरापासून ॲसिडिटीची गोळी सकाळी उपाशीपोटी घेतो. म्हणले, जठराचं ॲसिड हेच पहिलं कुंपण असतं, ते तुम्ही रोज खाली पाडताय, मग थोडे जिवाणूसुद्धा पार जातात. हे मला कुणीच कधी सांगितलं नव्हतं.

जुलाब थांबवायच्या गोळीवरून चांगलेच बोलले. ताप आहे किंवा शेंब-रक्त आहे तेव्हा ती गोळी घ्यायची नाही, कारण ती आतड्याची हालचाल बंद करते अन् जे बाहेर जायला पाहिजे ते आतच साचतं. मग जीभ बघितली, हाताची कातडी चिमटीत धरून सोडली, झोपवून अन् उभं करून बीपी घेतलं, लघवी शेवटची कधी झाली विचारलं. पहाटे पाचला झाली होती, रंग गडद पिवळा. पाणी कमी झालंय पण सलाईनची गरज नाही, उलटी दिवसातनं दोनदाच होतेय म्हणजे तोंडानं जाईल, असं म्हणले.

घरचे नाराज झाले, सलाईन नाही, अँटिबायोटिक नाही, असा कसा डॉक्टर. मी विचारलंच. त्यांचं म्हणणं असं की धडधाकट माणसाला साध्या साल्मोनेलात अँटिबायोटिकनं आजार लवकर बरा होत नाही, उलट जिवाणू संडासमधून जास्त दिवस पडत राहू शकतो. ज्याला द्यावं लागतं ते म्हणजे तान्हं बाळ, म्हातारं माणूस, ज्यांची प्रतिकारशक्ती कमी आहे ते, किंवा जंतू रक्तात गेल्यासारखा वाटला तर. तरी त्यांनी संडासचं सॅम्पल कल्चरला पाठवलं. स्वच्छ डबीत, लघवी मिसळू न देता, कुठलंही अँटिबायोटिक सुरू व्हायच्या आधी, नाहीतर जिवाणू वाढतच नाही अन् रिपोर्ट उगीच निगेटिव्ह येतो. मी विडाल करू का विचारलं, कारण आमच्याकडं ताप आला की सगळे तेच करतात. म्हणले, ती टायफॉइडची, अन् पहिल्या दोन दिवसांत तिच्यावर भरवसा ठेवता येत नाही.

घरी येऊन ओआरएस चालू केलं. मोठं पाकीट एक लिटर उकळून गार केलेल्या पाण्यात पूर्ण टाकायचं, अर्धं पाकीट ग्लासात असं नाही. प्रत्येक जुलाबानंतर एक ग्लास. उलटी झाली की दहा मिनिटं थांबायचं अन् मग चमचा-चमचा. मला वाटायचं साखर चवीसाठी असते, तसं नाही, आतड्यात साखर आत जाताना सोबत मीठ ओढून नेते अन् मिठामागं पाणी जातं, अन् जुलाब चालू असले तरी हा रस्ता चालूच राहतो. १९७१ साली पश्चिम बंगालमधल्या बनगावच्या निर्वासित छावणीत पटकी पसरली, सलाईन संपलं, तेव्हा डॉ. दिलीप महालनबीस यांनी ह्याच मीठ-साखरेच्या पाण्यावर लोकं वाचवली. पाकीट नसेल तर एक लिटर पाणी, सहा सपाट चमचे साखर, अर्धा सपाट चमचा मीठ. चमचा पोह्याचा नाही, चहाचा. मीठ जास्त पडलं तर घातक ठरतं.

बुधवारी ताप उतरला, गुरुवारी रिपोर्ट आला, साल्मोनेला, टायफॉइडच्या जातीचा नाही. तोवर मी मऊ भात अन् दही खात होतो. मुरडा मात्र आठवडाभर अधूनमधून आला.

डॉक्टरांच्या रेघेवर अजून पुढंही खुणा होत्या. कच्च्या चिकनमधलाच कॅम्पिलोबॅक्टर २ ते ५ दिवसांनी येतो, म्हणजे मंगळवारी खाल्लेलं शनिवारी दुखतं. पाणीपुरीच्या दूषित पाण्यातला ई. कोलाय १ ते ३ दिवसांनी. अन् दहा-पंधरा दिवसांनी घाण वासाचे ढेकर, गॅस अन् चिकट संडास चालू राहिली तर जिआर्डियाचा संशय घ्यायचा, तो जिवाणू नाही, परजीवी आहे, त्याची तपासणी अन् औषध दोन्ही वेगळं.

बरं झाल्यावर मी गाड्यावर गेलो, भांडायला नाही, बघायला. मालक भला माणूस आहे, त्यानं सगळं दाखवलं. चिकन चार वाजता अर्धं तळून घमेल्यात ठेवायचं, गिऱ्हाईक आलं की दोन मिनिटं कढईत. तेल कडक असल्यानं बाहेरून लगेच लाल होतं पण हाडाजवळ गरमी पोचतच नाही, अन् साल्मोनेला खात्रीनं मरायला आत ७४ अंश तरी व्हायला पाहिजे. रंगावरून ओळखता येत नाही, हाडाजवळ पूर्ण शिजलेलंही कधी गुलाबी दिसतं, पण आतून गार लागलं तर ते नक्कीच पुरेसं तापलेलं नाही. भात सकाळी अकराला, मोठ्या पातेल्यात. मी त्याला सांगितलं, चिकन आधीच पूर्ण शिजवा अन् बर्फाच्या पेटीत ठेवा, भात दोनदा करा अन् परातीत पातळ पसरून गार करा. भाताचं त्यानं लगेच ऐकलं. चिकनला म्हणला, "भाऊ, बर्फाचा खर्च परवडत नाही," अन् तिथं माझ्याकडं उत्तर नव्हतं.

घरी अजून एक पाळावं लागलं. बरं वाटलं तरी साल्मोनेला महिनाभर किंवा जास्तही संडासमधून पडत राहू शकतो. आमच्या घरात ऐंशीची आजी अन् सहा महिन्यांची भाची, म्हणून जून संपेपर्यंत मी पीठ मळलं नाही, भाचीची बाटली हातात घेतली नाही, अन् संडासनंतर साबणानं नखांसकट हात धुवायचा नियम केला. आजीला किंवा बाळाला लागण झाली असती तर मात्र डॉक्टरांनी पहिल्याच दिवशी आणायला सांगितलं होतं, अन् मोठ्या माणसालाही संडासमधून रक्त, सहा-आठ तास लघवी नाही, पाण्याचा घोटही टिकत नाही किंवा ताप तीन दिवस उतरत नाही असं झालं तर घरी थांबायचं नाही.